बालगृहात वाढदिवस साजरा करायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःचा किंवा मुलांचा वाढदिवस बालगृहात करायचा असं ठरवलेले बरेच जण फोन करून, मेसेज करून त्याच त्या गोष्टी विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. मी महाराष्ट्रातल्या बालगृहांबद्दल बोलतेय आणि हिशोब समजावा म्हणून खाली सगळीकडे एकच उदाहरण धरलंय: मुलींचं बालगृह, ४० मुली, त्यातल्या १० जणी ६ ते ९ वर्षांच्या, १८ जणी १० ते १३ च्या आणि १२ जणी १४ ते १७ च्या, शिवाय तिथला स्टाफ ८ आणि आपण पाहुणे १२. म्हणजे एकूण ६० माणसं.

१. कुठे जायचं, आणि थेट केक घेऊन गेलं तर चालतं का?

थेट नाही जायचं. बालगृह म्हणजे त्या मुलींचं राहतं घर आहे, आणि न सांगता आलेल्यांना गेटवरूनच परत पाठवलं तर ते बरोबरच आहे. दोन-तीन आठवडे आधी फोन करा, अधीक्षक मॅडमशी बोला, आणि संस्था बाल न्याय कायदा, २०१५ खाली नोंदणी झालेली आहे ना हे विचारा. चांगली संस्था या प्रश्नाने चिडत नाही, उलट नंबर लगेच सांगते. शंका वाटली तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करता येते.

अजून एक, सगळ्या संस्था सारख्या नसतात. बालगृहात साधारण ६ ते १८ वर्षांची मुलं असतात, शिशुगृहात त्याहून लहान बाळं, आणि निरीक्षणगृह ही वेगळीच गोष्ट आहे, तिथे कायद्याच्या कचाट्यात सापडलेली मुलं असतात आणि तिथे वाढदिवसाचा कार्यक्रम घेऊन जायचा विचारच करू नका. शिशुगृहात बाळांना बाहेरच्या माणसांचा संसर्ग होतो म्हणून बहुतेक ठिकाणी कार्यक्रम नको म्हणतात, वस्तू मात्र घेतात.

पहिल्याच फोनवर एवढं विचारून घ्या: कुठल्या वयाच्या किती मुली, बाहेरचं शिजवलेलं अन्न चालतं का, जेवणाची वेळ काय, कोणाला कशाची अ‍ॅलर्जी, परीक्षा कधी. नावं मागू नका, आकडे पुरतात.

२. कोणता दिवस चांगला? आमचा वाढदिवस १५ ऑगस्टलाच येतो.

१५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि दिवाळीचा आठवडा, या दिवसांत एकेका संस्थेत दिवसाला दोन-तीन ग्रुप येतात, मुली सकाळपासून नवे कपडे घालून बसलेल्या असतात, दुपारी तिसरा केक येतो आणि कोणाला तो खायचा नसतो. आणि जून-जुलैत, शाळा नुकत्या सुरू झालेल्या असताना, कोणी फिरकत नाही. तुमचा वाढदिवस १५ ऑगस्टला असला तरी कार्यक्रम नंतरच्या एखाद्या साध्या रविवारी दुपारी ४ ते ७ ठेवा. सकाळी कपडे धुणं, अंघोळी, अभ्यास असतो, आणि शाळेच्या दिवशी संध्याकाळी मुली दमलेल्या असतात.

फोनवर हेही सांगून टाका की आमच्यासाठी स्वागतगीत, प्रार्थना, नाच असं काही बसवू नका. बऱ्याच ठिकाणी पाहुणे आले की मुलींना ओळीत बसवून गाणं म्हणायला लावतात, दर रविवारी तेच. तुम्ही नको म्हणालात की मॅडमनाही बरं वाटतं, त्यांनाही वाटत असतं की पाहुण्यांना हे हवं असतं.

३. या सगळ्या मुली अनाथ असतात ना? मग त्यांच्याशी काय बोलायचं?

नाही. पुष्कळ जणींची आई असते, वडील असतात, आजी असते. कुणाची आई एकटी कमावते आणि मुलीला ठेवायला सुरक्षित जागा नाही, कुणाच्या घरात मारहाण आहे, कुणी हरवलेली सापडली आणि घर शोधणं चालू आहे. बाल कल्याण समितीच्या आदेशाने त्या तिथे आलेल्या असतात आणि बऱ्याच जणी पुढे घरी परतही जातात.

म्हणून "तुला कोणी नाही का गं", "इथे कशी आलीस", "आईची आठवण येते का" हे विचारायचं नाही, कितीही मायेने विचारलं तरी. त्या मुलीला ते अनोळखी माणसाला सांगायचं नसतं आणि नाही म्हणायचीही चोरी होते. बोलायला बाकी ढीगभर विषय आहेत, कितवीत आहेस, कबड्डी खेळतेस का, गणिताच्या बाई कडक आहेत का, केस कोणी विंचरून दिले. आणि तिने आपणहून काही सांगितलं तर ऐकून घ्या, पण खोदू नका. मारहाण किंवा त्रासाबद्दल काही सांगितलं तर मात्र ते स्वतःजवळ ठेवायचं नाही, इतर मुलींपुढे चर्चाही करायची नाही, अधीक्षकांशी वेगळं बोलायचं, आणि त्रास संस्थेतच होतोय असं वाटलं तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८.

४. ६ वर्षांची आणि १७ वर्षांची एकत्र, खेळ कोणते घ्यायचे?

आधी कोणते घ्यायचे नाहीत ते सांगते. संगीत खुर्ची. ४० जणींमध्ये खेळली की पहिल्या पाच मिनिटांत सगळ्या छोट्या बाहेर, मग अर्धा तास त्या भिंतीला टेकून मोठ्यांचं बघत बसणार. जिथे बाद झालं की बसायचं असतं ते सगळे खेळ इथे फसतात.

टीम करा, आणि वयाप्रमाणे मिसळून करा. आपल्या उदाहरणात ५ टीम, प्रत्येकी ८ जणी. तीन डबे घ्या, एक छोट्यांचा, एक मधल्यांचा, एक मोठ्यांचा, त्यात पाच रंगांच्या रिबिनी टाका आणि प्रत्येकीला आपापल्या डब्यातून एक उचलू द्या. प्रत्येक टीममध्ये छोट्या दोन, आणि मग तीन टीममध्ये मधल्या चार आणि मोठ्या दोन, उरलेल्या दोन टीममध्ये मधल्या तीन आणि मोठ्या तीन, असं केलं की आकडा बरोबर बसतो. चिठ्ठीने टीम पडल्या की "मला हिच्यात नको" हे भांडण होत नाही आणि कोणी शेवटपर्यंत न निवडलेली उभी राहत नाही, आणि ते उभं राहणं कसं असतं हे आपल्याला शाळेतून माहीत आहे.

मग लगोरी घ्या, पण छोट्यांनी जवळच्या रेषेवरून चेंडू मारायचा आणि पहिले दोन फेक त्यांचेच, असा नियम ठेवा. चेंडू स्पंजचा किंवा चिंध्यांचा, टेनिस बॉल पाठीत लागला की छोट्या रडतात. नंतर लिंबू-चमच्याची रिले, त्यात छोटीने चमचा हातात धरला तरी चालतो. शेवटी सगळ्या दमल्या की बसून हाउजी. हाउजीचं एक तिकीट दोघींत द्या, एक मोठी एक छोटी, म्हणजे जिला दोन आकडी अंक वाचता येत नाहीत तिलाही कळतं काय चाललंय, आणि "लाइन!" म्हणून ओरडायचा मान छोटीचा. तीन खेळ पुरतात, दीड तास सहज जातो.

बक्षीस पहिल्या नंबरला मोठं आणि बाकीच्यांना काही नाही असं नको. जिंकलेल्या टीमने पुढचं गाणं निवडायचं, एवढं पुरतं.

५. मोठ्या मुली कोपऱ्यात बसून राहतात, खेळत नाहीत. काय करायचं?

त्यांना बसू द्या आधी. सोळा वर्षांच्या मुलीला अनोळखी काकांसमोर लिंबू-चमचा घेऊन पळायचं नसतं आणि त्यात काही चुकीचं नाही. पण काम विचारा, खरं काम. हाउजीचे आकडे पुकारणं, गुण लिहिणं, लगोरीचं पंच होणं, स्पीकरवर गाण्यांचा क्रम ठरवणं. आकडे पुकारायला दिलं की ज्या मुली तासभर मान वर करत नव्हत्या त्याच थोड्या वेळाने आवाज चढवून "चीटिंग नाही हां" करायला लागतात, असं दर वेळी दिसतं. गाण्यांसाठी गाणी भरलेला पेन ड्राइव्ह न्या, स्वतःचा फोन हातात देऊ नका, त्याचं कारण प्रश्न ९ मध्ये.

तरीही नाही आली तर नाही. जेवण आणि गिफ्ट तिला इतरांसारखंच मिळालं पाहिजे, खेळली नाहीस म्हणून टोमणा नको.

६. जेवणात काय ठेवायचं आणि किती लागतं?

सगळ्यात आधी मॅडमना विचारा की मुलींना काय खावंसं वाटतंय. बहुतेक वेळा उत्तर पावभाजी, चायनीज, पाणीपुरी असं येतं, कारण पुरी-भाजी-जिलेबी त्यांना प्रत्येक देणगीदाराकडून मिळते.

६० जणांच्या पावभाजीचा हिशोब असा धरा. पाव १८ डझन, म्हणजे माणशी साडेतीन. छोट्या दोनात थांबतात, चौदा-पंधराच्या मुली चार-पाच खातात. भाजीसाठी बटाटे ५ किलो, टोमॅटो ४, फ्लॉवर २, मटार दीड, सिमला मिरची १, कांदा शिजवायला २ आणि वरून घ्यायला अजून २, बटर दीड किलो, लिंबं ३० तरी. तिखट कमी ठेवा आणि झणझणीत चटणी वेगळ्या भांड्यात द्या, नाहीतर छोट्या नुसता पाव खाऊन उठतात. सोबत ताक किंवा सरबत, कोल्ड्रिंकच्या बाटल्या नकोत.

शक्य असेल तर तिथल्याच स्वयंपाकघरात, तिथल्या मावशींशी आधी बोलून, ताजं बनवा. मोठ्या मुलींना मटार सोलायला, पाव भाजायला आवडतं, पण सांगून लावायचं नाही, आवडीने आल्या तर येऊ द्या. बाहेरून आणणार असाल तर खायच्या वेळेच्या जास्तीत जास्त दोन तास आधी शिजलेलं हवं, उन्हाळ्यात तर नक्कीच, आणि क्रीमचं, पनीरचं, दुधाचं काही असेल तर बर्फाच्या पेटीतून न्या. लग्नातलं, पार्टीतलं उरलेलं अन्न वाढदिवसाच्या नावाने नेऊ नका. ते कधी शिजलंय, किती वेळ उघडं होतं हे कोणाला माहीत नसतं आणि रात्री ४० मुलींना उलट्या सुरू झाल्या तर तिथे एक-दोनच मावशी असतात.

वाढताना आपण १२ जणांनी वाढायचं आणि मग त्यांच्याच पंगतीत बसून तेच खायचं. मुली जेवतायत आणि पाहुणे उभे राहून बघतायत हे दृश्य नको.

७. उपवास, व्हेज-नॉनव्हेज, अ‍ॅलर्जी याचं काय?

एकाच बालगृहात हिंदू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिश्चन मुली असतात. सोपा मार्ग म्हणजे सगळं शाकाहारी आणि केक अंड्याविना, म्हणजे कोणालाच "माझं वेगळं" असं वाटत नाही. पण मुलींनीच चिकन मागितलं असेल आणि संस्थेला चालत असेल तर हलाल दुकानातून आणा, आणि न खाणाऱ्यांसाठी तेवढंच चांगलं काहीतरी ठेवा, नुसती उरलेली डाळ नाही.

चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार आणि रमजान कॅलेंडरमध्ये बघून तारीख ठरवा. रमजानमध्ये एखादी मुलगी रोजा ठेवत असेल तर कार्यक्रमाचं जेवण सूर्यास्तानंतर ठेवा, तिचं ताट झाकून बाजूला ठेवून बाकीच्यांनी जेवायचं असं करू नका. अ‍ॅलर्जीत शेंगदाणे आणि दूध हे दोन मुद्दाम विचारा. स्टाफच्या मुलांसकट तिथे पाच वर्षांच्या आतलं कोणी असेल तर अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कडक गोळ्या देऊ नका आणि फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लगेच उचला, घशात अडकतात.

८. केक कोणी कापायचा? औक्षण करायचं का?

इथे थोडं थांबून विचार करा. काही मुलींना स्वतःची जन्मतारीख माहीतच नसते, वय तपासणीवरून ठरवलेलं असतं आणि कागदावर एक तारीख टाकलेली असते. दुसऱ्याच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवणं हेच त्यांच्या वाट्याला वर्षभर येतं. म्हणून मॅडमना विचारा की या महिन्यात कोणाकोणाचे वाढदिवस आहेत, काही संस्था महिन्याचा एकत्र वाढदिवस करतातच, आणि त्या मुलींना विचारून, त्यांना हवं असेल तर, केक सगळ्यांनी मिळून कापा. तुमच्या मुलाचं नाव आणि त्यांची नावं केकवर सारख्याच अक्षरात. जिला पुढे यायचं नाही तिचं नाव पुकारू नका. केक ५ किलो घ्या, एका किलोचे १२ तुकडे होतात, ६० जणांना बरोबर पुरतो. तोंडाला केक फासणं अजिबात नको, ते अन्नही आहे आणि अंगाला न विचारता हात लावणंही आहे.

औक्षण बऱ्याच मुलींना आवडतं, पण घरची गोष्ट असल्यामुळे काहींना ते जड जातं आणि काहींच्या घरी ती पद्धत नसते. करायचं तर ज्यांचा वाढदिवस आहे त्यांना आधी एकेकटीला विचारा आणि ओवाळायला तिथल्याच मावशी किंवा ताईंना सांगा, ज्यांच्याशी त्यांचं रोजचं नातं आहे.

९. फोटो काढायचे का? मॅडम हो म्हणाल्या तर?

मुलींचे फोटो नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला बंदी आहे, आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परवानगी फक्त बाल कल्याण समिती किंवा बाल न्याय मंडळ देऊ शकतं, तीही मुलाच्या हिताची असेल तर आणि कारणं लेखी नोंदवून, त्यामुळे मॅडम तोंडी हो म्हणाल्या तरी तुमचं स्टेटस कायद्यात बसत नाही. चेहऱ्यावर इमोजी लावून युनिफॉर्मवरचं शाळेचं नाव दिसलं तरी ओळख उघडच झाली.

आणि कायदा बाजूला ठेवा, एखादी मुलगी घरातल्या मारहाणीतून सुटून तिथे आलेली असते आणि तिला शोधणारं माणूस बाहेर फिरत असतं, तुमच्या लोकेशन टाकलेल्या रीलमुळे त्याला पत्ता मिळतो. १२ पाहुण्यांचे फोन एका पिशवीत घालून ऑफिसमध्ये ठेवा, एक फोन अडीअडचणीला पुरतो. केकचा, रिकाम्या सजवलेल्या हॉलचा, तुमच्या घरच्यांचा फोटो कार्यक्रमाआधी काढून घ्या.

१०. गिफ्ट काय द्यायचं? सगळ्यांना सारखं की वयाप्रमाणे?

किंमत सारखी, वस्तू वयाप्रमाणे, पिशवी बाहेरून एकसारखी. समजा माणशी २५० रुपये धरले. छोट्यांना खडूंची पेटी, चित्रकलेची वही आणि केसांच्या क्लिपा. मधल्यांना स्केचपेन, कंपास आणि दोरीउडीची दोरी. मोठ्यांना डायरी, दोन चांगली पेनं आणि छोटं पाकीट, आणि मोठ्यांचं ठरवण्याआधी मॅडमकडून त्यांनाच विचारलेलं उत्तम, कारण त्यांना टेडी नको असतो. ४० च्या जागी ४३ पिशव्या करा, एखादी नवी मुलगी आदल्या दिवशी आलेली असते, एखादी दवाखान्यात असते, स्टाफचं मूल असतं. आणि स्टाफच्या ८ जणींना मिठाईचा डबा, रोज सांभाळणाऱ्या त्याच आहेत.

ओळीत उभं करून, एकेकीचं नाव पुकारून, हातात देऊन, "थँक्यू म्हणा" असं वाटप करू नका. तीन टेबलांवर वयाप्रमाणे पिशव्या ठेवा, रंग आपापला निवडू द्या, आणि त्यातली वस्तू तिच्या स्वतःच्या पेटीत जाणार आहे ना हे मॅडमशी आधीच बोला, कारण काही ठिकाणी सगळं कोठीत जमा होतं. आतले कपडे, सॅनिटरी पॅड, चपला अशा गरजेच्या वस्तू खूप लागतात, त्या मापांच्या यादीप्रमाणे आणून ऑफिसमध्ये शांतपणे द्या, गिफ्ट म्हणून सगळ्यांसमोर नाही. दोन कॅरम, सोंगट्या आणि पावडर अशी सामायिक वस्तू छान, पण पावडर संपली की कॅरम पडून राहतो, म्हणून सहा डबे एकदमच द्या.

जुने कपडे, अर्धी भरलेली रंगवही, चाक तुटलेली गाडी वाढदिवसाला न्यायची नाही. चांगले, धुतलेले जुने कपडे संस्थेला हवे असतील तर वेगळ्या दिवशी, विचारून.

११. माझा मुलगा सात वर्षांचा होतोय, त्याला काय सांगून न्यायचं?

"बघ, त्यांच्याकडे काही नाही, तू किती लकी आहेस" हे सांगून नेऊ नका, तो ते तिथे जाऊन मोठ्याने बोलतो. तिथे खूप ताया राहतात, आपण त्यांच्याबरोबर खेळायचं आणि जेवायचं, एवढं सांगा. त्याचं घरचं गिफ्ट घरीच उघडा, मुलींसमोर सायकल देऊ नका. आणि त्याला जायचंच नसेल, मित्र हवे असतील, तर त्याचा वाढदिवस मित्रांबरोबर करा आणि बालगृहात तुम्ही मोठे वेगळे जा.

१२. मुलींना हॉटेलात किंवा बागेत नेता येईल का?

तुमच्या गाडीत घालून, नाही. संस्थेने स्वतःच्या स्टाफसोबत, लागतील त्या परवानग्या घेऊन सहल काढली तर बसचा किंवा जेवणाचा खर्च तुम्ही करू शकता. निम्म्याच मुली न्यायच्या असतील तर मात्र नको, राहिलेल्यांना ते महिनाभर लागून राहतं.

१३. एका छोटीचा खूप लळा लागला. परत भेटायला जाऊ का? दत्तक?

"मी पुढच्या रविवारी येईन" हे वाक्य पक्कं असल्याशिवाय बोलू नका, ती रविवारी गेटपाशी बसते. स्वतःचा नंबर देऊ नका, एकटीला वेगळं गिफ्टही नको. नियमित जायचं असेल तर संस्थेशी बोलून ठरलेल्या वारी अभ्यास घ्यायला जा, सगळ्यांसाठी. दत्तकाचं काम फक्त 'कारा' या केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी करूनच होतं, आणि कार्यक्रमात पाहिलेली मुलगी दत्तकासाठी मोकळी असेलच असं नाही (प्रश्न ३ बघा). मुलींसमोर हा विषय काढूच नका.

१४. पैसे दिले तर टॅक्समध्ये सूट मिळते का?

संस्थेकडे देणगीवरच्या सवलतीचं ८०जी प्रमाणपत्र असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर मिळते. २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर नाही, म्हणून चेक किंवा ऑनलाइन द्या आणि पावतीवर तुमचा पॅन घालून घ्या. केक, पावभाजी, पिशव्या अशा वस्तूंवर सूट नाही, पण त्यांचीही संस्थेच्या देणगी रजिस्टरमध्ये नोंद करून पावती घ्या, म्हणजे काय किती आलं ते कागदावर राहतं.